ओपन बुक परीक्षेची सूची कशी करावी : संख्याशास्त्राच्या एका पेपरचा अनुभव

संख्याशास्त्राचा ओपन बुक पेपर पहिल्यांदा देणाऱ्यांचा एक समज असतो. पुस्तक समोर असणार, तेव्हा सूत्रे पाठ करायची गरज नाही, आणि तयारी म्हणजे महत्त्वाच्या ओळी रंगवून पानांना चिकटपट्ट्या लावणे. मी हा पेपर दिला आहे आणि नंतर काही वर्षे इतरांची तयारीही करून घेतली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की रंगवलेल्या ओळींचा उपयोग फार थोडा होतो. तीन तासांत सहा प्रश्न असतील, तर एका प्रश्नाला अर्धा तास मिळतो. त्यात वाचन, विचार, आकडेमोड आणि लेखन आले. पाने चाळण्यासाठी फार तर तीन-चार मिनिटे उरतात. तेवढ्यात नेमके पान सापडायचे असेल, तर स्वतःच्या हाताने केलेली सूची लागते.

पुस्तकाच्या शेवटी छापील सूची असतेच, मग दुसरी कशाला, असे कोणीही विचारील. छापील सूची संकल्पनेच्या नावाने लावलेली असते, आणि प्रश्नपत्रिकेत नेमके ते नावच दिलेले नसते. प्रश्नात ‘टी-चाचणी वापरा’ असे लिहिलेले नसून दहा रुग्णांचा रक्तदाब, एक औषध आणि तीन आठवड्यांचा काळ असतो. कोणती चाचणी लावायची हे ओळखणे हाच प्रश्नाचा गाभा असतो आणि बहुतेक गुणही तिथेच असतात. ज्याला चाचणीचे नाव आधीच सुचले, त्याला छापील सूची पुरते. ज्याला ते सुचले नाही, त्याच्यासाठी ती बंद दारासारखी आहे. म्हणून आपली सूची प्रश्नात दिसणाऱ्या खुणांवरून लावायची आणि संकल्पनेचे नाव त्या खुणेसमोर लिहायचे. माझ्या सूचीतल्या काही नोंदी अशा होत्या :

अपेक्षित वारंवारता ५ पेक्षा कमी – काय-स्क्वेअर जपून वापरा. वर्ग एकत्र करा किंवा फिशरची चाचणी – पृ. २७१
आधी आणि नंतर, त्याच व्यक्ती – जोडीची टी-चाचणी – पृ. २१४, सोडवलेले उदाहरण पृ. २१९
क्रमवारी दिली आहे, मोजमाप नाही – क्रमांकांवर आधारलेल्या चाचण्या – पृ. ३०२
जुळ्या व्यक्ती, जुळवलेल्या जोड्या – पाहा : आधी आणि नंतर
तीन किंवा अधिक गटांच्या सरासरी – प्रसरण विश्लेषण – पृ. २४०; गृहीतके पृ. २४४

या नोंदींत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की प्रत्येक खुणेसमोर एक किंवा दोनच पाने आहेत. ‘प्रमाण विचलन – पृ. ३१, ४४, ५२, ९०, १३३, २०७’ अशी नोंद करणे म्हणजे शोधण्याचे काम परीक्षेच्या तासावर ढकलणे होय. अशी नोंद झालीच, तर तिचे तुकडे करावेत : नमुन्याचे प्रमाण विचलन एका ठिकाणी, सरासरीची प्रमाण त्रुटी दुसऱ्या ठिकाणी, दोन गटांचे एकत्रित प्रमाण विचलन तिसऱ्या ठिकाणी. दुसरी गोष्ट अशी की एकच पान दोन-तीन खुणांखाली यायला हरकत नाही. परीक्षेत तुम्हाला कोणता शब्द आधी सुचेल हे आज ठरवता येत नाही.

सूची करण्याचा माझा क्रम साधा आहे. पहिल्या वाचनात काहीही नोंदवायचे नाही, फक्त प्रकरण समजून घ्यायचे. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पद्धतीपाशी थांबून स्वतःला विचारायचे की प्रश्नात काय दिसले की मी या पानाकडे येईन, आणि उत्तर एका ओळीत लिहायचे. पुस्तक, वर्गातील टिपणे आणि सोडवलेली उदाहरणे अशी तीन साधने असतील, तर तिन्हींची मिळून एकच सूची करावी आणि पान क्रमांकापूर्वी ‘पु’, ‘टि’, ‘उ’ अशी अक्षरे लिहावीत. स्वतःच्या टिपणांना पान क्रमांक दिलेले नसतील, तर आधी ते द्यावेत. शेवटी सगळे संगणकावर घेऊन वर्णक्रमाने लावावे. साधारण चारशे पानांच्या पुस्तकासाठी चार ते सहा पानांची सूची पुरते. ती पंधरा पानांची झाली, तर तुम्ही पुस्तकाचा सारांश लिहायला लागला आहात असे समजावे. दुसऱ्याची तयार सूची वापरण्याचा मोह होतो, पण मला ती निरुपयोगी वाटते, कारण त्यातल्या खुणा दुसऱ्याला सुचलेल्या असतात. शिवाय पुस्तकाची आवृत्ती वेगळी असली, की सगळे पान क्रमांक चुकतात.

तयार झालेली सूची उपयोगी आहे की नाही, हे उपयोजनाचे प्रश्न सोडवल्याशिवाय कळत नाही. एक उदाहरण पूर्ण पाहू. प्रश्न असा आहे : ‘दहा रुग्णांचा रक्तदाब औषध सुरू करण्यापूर्वी आणि तीन आठवड्यांनी मोजला. प्रत्येकाच्या रक्तदाबातील घट अनुक्रमे ६, ४, ८, –२, ५, ३, ७, १, ६, २ इतकी आढळली. दोन्ही वेळच्या मोजमापांचे प्रमाण विचलन सुमारे १२ आहे. औषधामुळे रक्तदाब बदलला असे म्हणता येईल का?’

‘दोन वेळची मोजमापे’ आणि ‘प्रमाण विचलन १२’ हे शब्द वाचून अनेकांचा हात दोन स्वतंत्र गटांच्या टी-चाचणीकडे जातो. सरासरीतील फरक ४, त्याची प्रमाण त्रुटी १४४/१० + १४४/१० याचे वर्गमूळ म्हणजे सुमारे ५.३७, म्हणून टी ०.७५ येते. १८ स्वातंत्र्य मात्रांसाठी ५ टक्के पातळीवरचे दुतर्फी मूल्य २.१०१ आहे, तेव्हा ‘बदल सिद्ध होत नाही’ असा निष्कर्ष निघतो. आकडेमोड अचूक आहे, पण पद्धत चुकीची आहे. रुग्ण तेच आहेत, म्हणून ‘आधी आणि नंतर, त्याच व्यक्ती’ ही खूण लागते आणि २१४ वे पान उघडायचे. आता फक्त घटींकडे पाहायचे. त्यांची सरासरी ४ आहे, सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ८४ आहे, ती ९ ने भागून वर्गमूळ घेतले की प्रमाण विचलन ३.०६ येते. ते १० च्या वर्गमूळाने भागल्यावर प्रमाण त्रुटी ०.९७ मिळते आणि टी ४.१४ होते. ९ स्वातंत्र्य मात्रांसाठी तक्त्यातील मूल्य २.२६२ आहे, म्हणजे निष्कर्ष नेमका उलटा निघतो. माणसामाणसांतला मोठा फरक जोडी लावल्यामुळे गळून पडला, हे त्याचे कारण आहे, आणि उत्तरपत्रिकेत ही ओळ लिहिलेली असावी असे परीक्षकाला वाटते.

पण प्रश्न इथे संपत नाही. ‘औषधामुळे’ हा शब्द पुन्हा वाचा. औषध न घेतलेल्या रुग्णांचा गट इथे नाही. रक्तदाब जास्त असतानाच रुग्ण निवडले असतील, तर दुसऱ्या मोजणीत तो आपोआपही थोडा उतरू शकतो. म्हणून ‘घट झाली’ एवढे म्हणता येते, ‘औषधामुळे झाली’ असे म्हणता येत नाही. ज्यांच्या सूचीत ‘तुलनेचा गट नाही’ अशी नोंद असते, त्यांच्या हातून हा मुद्दा सुटत नाही. माझ्या मते सूचीतील सर्वांत मोलाच्या नोंदी अशाच असतात, आणि त्या प्रश्न सोडवतानाच सुचतात, पुस्तक वाचताना नाही.

एक प्रश्न सुटला की लगेच नवा प्रश्न शोधायला जाऊ नये. त्याच प्रश्नातील एक अट बदलावी आणि उत्तर कुठे वळते ते पाहावे. नंतरच्या मोजणीला दहा वेगळेच रुग्ण आणले, तर स्वतंत्र गटांची चाचणी योग्य ठरते. एक रुग्ण दुसऱ्या वेळी आलाच नाही, तर त्याची आधीची नोंदही वगळावी लागते आणि तक्त्यात ८ स्वातंत्र्य मात्रांसमोरचे २.३०६ पाहावे लागते. ‘बदलला का’ ऐवजी ‘कमी झाला का’ असे आधीच ठरवून विचारले असेल, तर एकतर्फी मूल्य १.८३३ घ्यायचे. एखाद्या रुग्णाची घट ६० असेल, तर एवढ्या लहान नमुन्यात टी-चाचणीवर विसंबता येत नाही आणि क्रमांकांवर आधारलेल्या चाचणीचे पान उघडावे लागते. प्रत्येक वेळी उत्तरात एक वाक्य ‘अमुक चाचणी का नाही’ याबद्दलही लिहावे. पुस्तकातून सूत्र उतरवण्याला अशा परीक्षेत जवळजवळ गुण नसतात, कारण ते सर्वांसमोरच असते.

सराव करताना घड्याळ लावावे आणि शेजारी एक कोरा कागद ठेवावा. पान शोधायला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला, तर त्या कागदावर तुम्ही कोणता शब्द शोधत होता तो लिहावा, शोध थांबवू नये. प्रश्न संपल्यावर तो शब्द सूचीत घालावा, मग तो शास्त्रीय असो वा ओबडधोबड. माझ्या सूचीत ‘किती माणसे घ्यायची’ अशी नोंद होती, कारण ‘नमुन्याचा आकार’ हा शब्द घाईत सुचत नसे. एका प्रश्नासाठी पाच-सहा वेळा पुस्तक उघडावे लागत असेल, तर सूची वाढवून उपयोग नाही. तो विषयच अजून समजलेला नाही, तेव्हा त्या प्रकरणाकडे परत जावे. सूचीमुळे ठिकाण सापडते, पण सापडलेल्या पानावरचा मजकूर तिथे पहिल्यांदाच वाचायची वेळ येऊ नये. टीच्या तक्त्याचे वाचनही असेच सवयीचे करून ठेवावे. एकतर्फी आणि दुतर्फी स्तंभांची गल्लत सूचीने टळत नाही.

हे सगळे सुरू करण्यापूर्वी परीक्षेचे नियम शब्दशः वाचावेत. काही ठिकाणी फक्त छापील पुस्तक चालते, काही ठिकाणी हस्तलिखित टिपणे चालतात पण सुटे कागद चालत नाहीत, तर काही ठिकाणी पुस्तकात स्वतः लिहिलेले काहीच चालत नाही. सूची बाहेर ठेवावी लागणार असेल, तर तीच मेहनत छापील सूचीतले आपले शब्द पक्के करण्यासाठी वापरावी, म्हणजे प्रत्येक खुणेपुढे छापील सूचीतील नेमका शब्द लिहून त्याचा सराव करावा. संगणकावरील ‘शोधा’ ची सवय लागलेली असेल आणि परीक्षा कागदी पुस्तकावर असेल, तर शेवटचे सगळे सराव कागदावरच करावेत.

परीक्षेच्या आदल्या दोन दिवसांत नव्या नोंदी घालणे बंद करावे. सूची छापून घ्यावी, त्यातल्या कोणत्याही वीस नोंदी निवडून पान क्रमांक पुस्तकाशी पडताळून पाहावेत आणि टी व काय-स्क्वेअरच्या तक्त्यांच्या पानांना एकेक चिकटपट्टी लावावी. बाकीच्या चिकटपट्ट्या मी काढून टाकत असे, कारण पुस्तकाच्या कडेला चाळीस पट्ट्या झाल्या की तक्त्याची पट्टीही त्यांतूनच शोधावी लागते.