गुणोत्तरांवरून ताळेबंद मांडताना 1,50,000 चा फरक : माझा अनुभव

गणितात दिलेली विक्री 24,00,000, सगळी उधारीची. बाकी फक्त गुणोत्तरं. माझा ताळेबंद दरवेळी 1,50,000 ने चुकायचा. बेरजा तपासल्या, वसुलीचा काळ दिवसांत धरून पाहिला; काही उपयोग नाही. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या.

चूक मालसाठ्यात होती. उलाढाल 6 वेळा म्हणून मी विक्रीलाच 6 ने भागत होतो. भागायचं असतं विकलेल्या मालाच्या खर्चाला.

मग असं केलं. ढोबळ नफा विक्रीच्या 25%, म्हणून खर्च 18,00,000 आणि मालसाठा 3,00,000. वसुली 2 महिन्यांची, म्हणून येणं 4,00,000.

आता रोख आणि चालू देणी दोन्ही अज्ञात, इथेच बहुतेक जण अडकतात. चालू गुणोत्तर 2.5, तरल गुणोत्तर 1.5. मधला 1 चा फरक म्हणजेच मालसाठा, तो चालू देण्यांच्या 1 पट (आगाऊ खर्च नसेल तरच). म्हणून देणी 3,00,000, चालू मालमत्ता 7,50,000, रोख 50,000.

खर्चाच्या निम्मी स्थिर मालमत्ता 9,00,000. ती स्वनिधीच्या 0.75 पट, म्हणून स्वनिधी 12,00,000. कर्ज-स्वनिधी गुणोत्तर 0.125, म्हणजे कर्ज 1,50,000.

दोन्ही बाजू 16,50,000. कर्ज शिल्लक आकडा म्हणून काढलं असतं, तर चुकीचा ताळेबंदही जुळला असता.