भाडं, लाइटबिल आणि पगार विभागांवर वाटताना : या चुका टाळा

राजारामपुरीतलं दोन मजली दुकान डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर किराणा (800 चौरस फूट) आणि चपला (400), वर कापड (1,200). जिना आणि बिलिंग काउंटरची जागा सामायिक, म्हणून ती मोजायची नाही. महिन्याची विक्री किराण्याची 12 लाख, चपलांची 2 लाख, कापडाची 6 लाख. भाडं 96,000, लाइटबिल 21,000, मॅनेजर आणि कॅशियर मिळून पगार 38,000. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण गफलत कुठे होते ते त्यांवरून नीट कळतं.

सगळा खर्च विक्रीच्या प्रमाणात वाटणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच, कारण विक्रीचे आकडे हाताशी तयार असतात. किराण्याची विक्री 60 टक्के, म्हणून तिन्ही खर्चांतला 60 टक्के वाटा म्हणजे 93,000 त्याच्या माथी. किराण्यावर 10 टक्क्यांनी सुटतात 1,20,000, त्यातून त्याच्या दोन पोरांचा पगार 26,000 गेला की नफा उरतो फक्त 1,000. मालक म्हणतो, "किराणा काढून टाकू." पण भाडं जागेचं असतं, विक्रीचं नसतं. पोतं भरून तांदूळ विकला म्हणून जागा वाढत नाही.

दोन्ही मजल्यांना एकच दर लावणं

नुसत्या चौरस फुटांवर वाटलं तर कापडावर 48,000 भाडं बसतं, म्हणजे वरच्या जागेला रस्त्याकडच्या जागेचाच दर. असं भाडं वरच्या मजल्याला कुणी देत नाही. त्याच गल्लीत तळमजल्याचा आणि पहिल्या मजल्याचा गाळा कितीला जातो ते विचारा आणि तेच प्रमाण धरा. इथे दीडपट धरू. किराणा 800 × 1.5 = 1,200, चपला 600, कापड 1,200, एकूण 3,000 भाग. एका भागाला 32 रुपये. किराण्यावर 38,400, चपलांवर 19,200, कापडावर 38,400. हे प्रमाण वर्षभर बदलू नका, नाहीतर एका महिन्याची दुसऱ्याशी तुलनाच करता येणार नाही.

लाइटबिल जागेवर टाकणं

प्रत्येक विभागाला सब-मीटर बसवणं उत्तम. नसेल तर वॅट गुणिले तास. फ्रिजरचा आणि एसीचा कॉम्प्रेसर सतत चालत नाही, हे इथे बहुतेक जण विसरतात. 400 वॅटचे दोन डीप फ्रिजर 24 तास लावलेले असले तरी निम्मा वेळच चालतात असं धरा, म्हणजे रोज 9.6 युनिट. दिवे धरून किराण्याचे महिन्याला 360 युनिट, दोन एसीवाल्या कापडाचे 864, चपलांचे 162. बेरीज 1,386. महावितरणच्या बिलात 1,560 असतील तर फरक जिना, काउंटर आणि बाहेरच्या पाटीचा, तो याच प्रमाणात वाटा. फरक याहून बराच मोठा निघाला तर तास चुकलेत, किंवा एखादं यंत्र राहून गेलंय. बिल अंदाजे 26:62:12 असं फुटतं : 5,460, 13,020 आणि 2,520. थंडीत एसी बंद झाले की गुणोत्तर नव्याने काढा. मागचंच चालू ठेवलं तर कापडावर नसलेला खर्च पडतो.

कॅशियर आणि मॅनेजरला एकाच मापाने मोजणं

कॅशियरचं काम बिलाच्या रकमेवर नाही, बिलांच्या संख्येवर वाढतं. किराण्याची 3,000, चपलांची 400, कापडाची 600 बिलं झाली, तर 14,000 चे भाग पडतात 10,500, 1,400 आणि 2,100. साडी आणि साखर एकाच बिलात आली तर ते दोन्हीकडे मोजायचं. मॅनेजरचे 24,000 मात्र हाताखालच्या माणसांवर (2, 1, 3) वाटा : 8,000, 4,000, 12,000. विभागाचे स्वतःचे पगार यात आणू नका, ते थेट त्या विभागावर. आणि दिवाळीचा बोनस एकट्या त्या महिन्यावर न टाकता दरमहा बारावा भाग घ्या.

आता किराण्याचा नफा 31,640 येतो. चपलांवर सुटलेले 50,000 आणि त्यांच्या एका माणसाचा पगार 14,000 धरून चपलांचा नफा 8,880. कापडावर 1,50,000 सुटले आणि थेट पगार 45,000, म्हणून तिथे 39,480. एकूण 80,000. विक्रीच्या वाटणीतही बेरीज 80,000 च होती. म्हणून बेरीज जुळली एवढ्यावर वाटणी बरोबर आहे असं धरू नका.

तोटा दिसला की विभाग बंद करणं

पावसाळ्यात कातडी चपलांची विक्री घटली आणि 50,000 ऐवजी 35,000 च सुटले, तर पत्रकात 6,120 चा तोटा दिसेल. पण चपला बंद केल्या तर वाचतात फक्त त्या माणसाचे 14,000 आणि विजेचे सुमारे 2,500. भाडं, मॅनेजर, कॅशियर तसेच राहतात आणि दुकानाला महिन्याला साधारण 18,500 चा खड्डा पडतो. म्हणून पत्रकात थेट खर्चानंतर एक रेघ मारून उरलेली रक्कम आधी दाखवा, वाटलेला खर्च तिच्याखाली. त्या 400 फुटांत दुसरा विभाग याहून जास्त उरवत असेल, किंवा कुणी ती जागा पोटभाड्याने घेत असेल, तरच बंद करण्याचा विषय काढायचा.