माल उतरला, सही झाली, आणि 210 बॉक्स गेले कुठे? जीआरएन करताना या चुका टाळा

आमचं युनिट रत्नागिरीजवळ, आंब्याचा पल्प डब्यात भरायचं. सीझन म्हणजे एप्रिल-मे, आणि मे संपत आला की एक डोळा आभाळाकडे. स्टोअर माझ्याकडे आहे. पल्प, साखर, डबे यांचं सगळ्यांनाच टेन्शन असतं, पण दोन सीझनमागे आम्हाला रडवलं ते पुठ्ठ्याच्या बॉक्सनी. तीच केस आकड्यांसकट सांगतो, कारण माल उतरवून घेताना, पीओशी म्हणजे खरेदीच्या ऑर्डरशी जुळवताना आणि स्टॉकला चढवताना होणाऱ्या बहुतेक चुका त्या एका गाडीत झाल्या होत्या.

पीओ होती 5 प्लाय बॉक्स, 4000 नग, दर 32 रुपये. एका बॉक्सात 3.1 किलोचे सहा डबे बसतात. गाडी कोल्हापूरकडून आंबा घाटातून रात्रभर येऊन सकाळी साडेसहाला गेटवर. घाटात वळवाचा पाऊस लागलेला, ताडपत्री एका बाजूला फाटलेली. चलनावर 160 बंडल, 25 चं एक, म्हणजे बरोब्बर 4000. ड्रायव्हर खाली उतरल्यापासून "सही द्या की ओ, परतीचं भाडं पकडायचंय" करत होता, हमालांना दुसरीकडे जायचं होतं, आणि आमच्या पोराने 160 बंडल मोजली, 160 भरली, चलनावर शिक्का मारून सही दिली. त्याने जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, 4000 चा केला. झालं.

पंधरा दिवसांनी पॅकिंग लाईनवरून फोन, बॉक्स संपले. सिस्टीममध्ये 210 शिल्लक दिसतात, गोडाऊनमध्ये एक नाही. 210 बॉक्स म्हणजे 1260 डबे तसेच उघडे पडलेले, आणि डिस्पॅचची गाडी उभी.

मग शोधाशोध. सुरुवातीच्या दिवसांत लाईनवाल्यांनी सहा बंडलं भिजकी म्हणून बाजूला टाकली होती, 150 बॉक्स, कुणाला सांगितलंच नव्हतं. ती मिळाली, भिंतीला टेकवलेली, बुरशी धरलेली. राहिले 60. ते चोरीला गेले असंच सगळ्यांना वाटत होतं, मलासुद्धा. पण लाईनवरच्या एका काकींना आठवलं की काही बंडलं "हलकी" होती. त्यांच्या रोजच्या वहीत बंडलांची नोंद होती, त्यावरून हिशोब लागला. बारा बंडलं 25 ऐवजी 20 ची बांधलेली होती. 148 बंडलं पंचवीसची म्हणजे 3700, बारा वीसची म्हणजे 240, एकूण आलेले 3940. त्यातले 150 भिजके काढले तर वापरण्याजोगे 3790. चलन म्हणतंय 4000. चोर कुणी नव्हता, आम्हीच न आलेला माल कागदावर आणला होता.

पहिली चूक: चलनावरचा आकडा बघून मोजणं. माणसाला 160 दिसले की तो 160 पर्यंत मोजतो आणि थांबतो. आता मी मोजणाऱ्या पोराला पीओ देतो पण नगांचा कॉलम झाकून. मालाचं नाव, साईझ, प्लाय, छपाई एवढंच दिसतं, आकडा त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा, आणि मगच मी चलन काढून शेजारी धरतो. सुरुवातीला पोरं चिडली, आमच्यावर भरोसा नाही का म्हणून. भरोशाचा प्रश्न नाहीय, डोळ्यांचा आहे.

बंडल मोजलं म्हणजे नग मोजले असंही नाही. 4000 बॉक्स एकेक मोजत बसलो तर संध्याकाळ होईल, म्हणून आम्ही बंडल वजनकाट्यावर ठेवतो. आमचा बॉक्स साधारण 500 ग्रॅमचा, म्हणजे 25 चं बंडल साडेबारा किलो आणि 20 चं दहा किलो, हातालासुद्धा फरक कळतो. फक्त एक सांभाळा, कोकणातल्या हवेत पुठ्ठा ओल धरतो आणि भिजलेलं वीसचं बंडल काट्यावर पंचवीसचं असल्यासारखं वाटू शकतं. म्हणून ओलसर वाटलेलं बंडल काट्यावर न्यायचंच नाही, सोडून हाताने मोजायचं. आणि थप्पीत खालच्या-आतल्या बाजूचं एक तरी सोडून बघायचं, वरचं नेहमीच छान असतं :)

दुसरी चूक: कोरी सही. ड्रायव्हरकडच्या कॉपीवर आणि बिल्टीवर काहीच न लिहिता सही केली की सगळा माल चांगल्या हालतीत मिळाला असं आपण लिहून दिल्यासारखंच. आम्ही नंतर सप्लायरला फोन केला तेव्हा त्याचं उत्तर सरळ होतं, तुमच्या माणसाची सही आहे ना, मग? आणि ट्रान्सपोर्टवालाही तेच म्हणाला. चूक त्यांची होती, पण कागद आमच्या विरुद्ध होता. शेवटी सप्लायरने जुने संबंध म्हणून भिजके तेवढे बदलून दिले, 60 चे पैसे म्हणजे 1920 रुपये आम्ही सोडले. आता दोन्ही कॉपींवर हाताने लिहितो, "60 नग कमी, 6 बंडल ओली, गाडीतच ओली होती", तारीख, वेळ, ड्रायव्हरची सही. ड्रायव्हर सही देत नसेल तर तसं लिहा आणि उतरवण्याआधी ताडपत्रीसकट गाडीचा फोटो घ्या. माल खाली आल्यावर काढलेल्या फोटोवर सप्लायर म्हणणारच की तुमच्या गोडाऊनमध्ये भिजला.

तक्रार त्याच दिवशी मेलने पाठवायची, फोनवर बोलून सोडायचं नाही. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून रजिस्टर असेल, आणि बॉक्सवाले बहुतेक असतात, तर डिलिव्हरीपासून 15 दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास कायद्याने माल स्वीकारला असंच धरतात आणि पेमेंटची मुदत डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजली जाते. आम्हाला भानगड कळली पंधराव्या दिवसानंतर. बघा टायमिंग.

तिसरी चूक: सगळा माल एकाच आकड्यात चढवणं. या गाडीचे खरं तर चार आकडे होते: मागवले 4000, आले 3940, चांगले 3790, नाकारले 150. आमच्या जीआरएनमध्ये एकच रकाना होता. आता आले 3940 चीच एंट्री होते, त्यातले 3790 मेन गोडाऊनला आणि 150 "रिजेक्ट" नावाच्या वेगळ्या गोडाऊनला जातात, प्रत्यक्षातही लाल पट्टी मारलेल्या कोपऱ्यात ठेवतो. म्हणजे प्रॉडक्शनवाला स्टॉक बघतो तेव्हा त्याला 3790 च दिसतात. भिजके परत गेले की रिजेक्ट गोडाऊनमधून बाहेर टाकायचे. जे 60 आलेच नाहीत ते कुठल्याच गोडाऊनला चढवायचे नाहीत, बिलात असले तरी. बिल 4000 चं आलं तर अकाउंट्सला 60 चं आणि परत पाठवलेल्या 150 चं वेगवेगळं सांगायचं, म्हणजे क्रेडिट नोट 210 नगांची, 6720 रुपये अधिक टॅक्स अशी मागता येते. न आलेल्या मालाचं जीएसटी क्रेडिट घेता येत नाही, त्यामुळे अकाउंट्सलाही हा आकडा लागतोच.

पीओचं काय? बदली माल येणार असेल तर 210 पेंडिंग राहू द्या. येणार नसेल तर त्याच दिवशी पीओ बंद करायला सांगा, नाहीतर परचेसवाला "210 येतायत" धरून पुढची ऑर्डर कमी टाकतो. हे आमच्याकडे झालंय, पण ती वेगळी रडकथा.

चौथी चूक, मोजायच्या युनिटची. त्याच्या आदल्या सीझनला एका पोराने नग विचारले तिथे बंडल टाकलं, 4000 च्या जागी 160. रक्कम बिलाची 1,28,000 तीच. स्टॉकमध्ये बॉक्सचा दर आला 800 रुपये! पुठ्ठ्याचा बॉक्स 800 ला म्हणजे हापूसच्या पेटीच्या भावात. हे पकडायला सोपं आहे, जीआरएन सेव्ह झाला की दर बघायचा, पीओच्या दराशी जुळत नसेल तर युनिट चुकलंय. आयटमला पर्यायी युनिट 1 बंडल = 25 नग असं लावता येतं, पण मी नाही लावत, कारण बंडल कधी वीसचंही येतं हे वर बघितलंच.

आता टॅलीवाल्यांसाठी, कारण हा घोळ मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं: स्टॉक डबल दिसतोय. स्टोअरने `Receipt Note`, म्हणजे टॅलीतला जीआरएन, केली, स्टॉक वाढला. आठ दिवसांनी बिल आलं, अकाउंट्सने परचेस एंट्री टाकली आणि `Tracking No.` ला `Not Applicable` ठेवलं. टॅलीला वाटलं हा नवीन माल, स्टॉक परत वाढला. 3940 आलेले असताना 8000 च्या आसपास दिसायला लागतात आणि सगळे स्टोअरवाल्याकडे बघतात. ओळखायचं कसं तर `Purchase Bills Pending` रिपोर्ट उघडा. ज्या मालाचं बिल येऊन पेमेंटही झालंय तो माल तिथे अजून "बिल आलं नाही" मध्ये बसलेला असेल तर हाच प्रकार आहे. उपाय, परचेस एंट्री अल्टर करून `Tracking No.` ला त्या जीआरएनचा नंबर निवडायचा. जर्नल टाकून स्टॉक कमी करू नका, आकडा जुळतो पण जीआरएन पेंडिंग तसाच लटकत राहतो. तसंच `Receipt Note` करताना `Order No.` निवडला नाही तर पीओ अख्खी 4000 ची पेंडिंग दिसत राहते, माल गोडाऊनमध्ये असताना.

या सगळ्यानंतर मी एक मेमो टाईप करून गेटच्या केबिनमध्ये लावला. जड भाषा नाही, पोरं वाचतील एवढाच:

"गाडी आली की आधी पीओ नंबर. पीओ नसेल तर उतरवायची नाही, मला फोन. उतरवण्याआधी फोटो. मोजणारा वेगळा, एंट्री करणारा वेगळा. कमी, ओलं, फाटकं जे असेल ते ड्रायव्हरच्या कॉपीवर लिहूनच सही. जीआरएन त्याच दिवशी, माल आला त्या तारखेला, बिलाच्या तारखेला नाही. जीआरएन नंबरची चिठ्ठी थप्पीवर लागल्याशिवाय लाईनला एकही नग द्यायचा नाही."

शेवटच्या ओळीवरून सर्वात जास्त भांडणं होतात. सीझनला सकाळी सातला लाईन चालू असते आणि सुपरवायझर थेट गाडीतूनच बंडलं उचलायला बघतो. मग मी काय करतो, त्याला लागतील तेवढी दहा-बारा बंडलं सगळ्यात आधी मोजून, चेक करून, त्यांचा पार्ट जीआरएन करून देतो, पंधरा मिनिटं लागतात. बाकीची गाडी निवांत.

ड्रायव्हर मात्र अजून ओरडतोच. त्याला चहा सांगतो.