बोअरचं जड पाणी आणि वरून उघडणारं मशीन: पावडर, लिक्विड की पॉड?

आमच्याकडे म्हणतात, जड पाणी साबण खातं. दारव्हा तालुक्यात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. पुढे घरात मशीन आलं आणि ते शब्दशः खरं असल्याचं कळलं. टॉवेल पापडासारखे कडक होत होते, पांढरे शर्ट राखाडी दिसत होते आणि काळ्या पॅन्टीवर पांढरे ओघळ उठत होते. लिक्विड, पॉड, पावडर असं सगळं वापरून झाल्यावर मी पावडरीवर थांबले. त्याचं कारण आणि पद्धत दोन्ही सांगते.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. मळ काढायला टाकलेलं डिटर्जंट आधी या क्षारांशीच जखडलं जातं आणि उरेल तेवढंच कपड्याच्या वाट्याला येतं. वरून उघडणाऱ्या मशीनला पाणी जास्त लागतं, म्हणून त्यात क्षारही जास्त येतात. पुढून उघडणारं मशीन यापेक्षा बरंच कमी पाणी घेतं, त्यामुळे शहरातल्या नणंदेचं माप आपल्या घरी लागू पडत नाही.

आधी पाण्याचा आकडा

ग्रामपंचायतीकडे बहुतेक ठिकाणी पाणी तपासायची पेटी असते. नसेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. अहवालात ‘एकूण काठिण्य’ बघा. पिण्याच्या पाण्यासाठी 200 मिलिग्रॅम प्रति लिटर ही योग्य मर्यादा मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.

अहवाल हाती नसेल तर घरीच अंदाज घ्या. दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भरा, एकीत बोअरचं पाणी आणि दुसरीत पावसाचं किंवा आरओचं. अंघोळीच्या साबणाचा कीस पाण्यात विरघळवून दोन्हींत एकेक चमचा टाका आणि हलवा. बोअरच्या बाटलीत फेस टिकायला तीन-चार चमचे लागले आणि पाणी गढूळ दह्यासारखं झालं, तर पाणी चांगलंच जड आहे. ही परीक्षा डिटर्जंटने करू नका, त्याचा फेस जड पाण्यातही येतो आणि फसवतो.

तुरटी फिरवून हा जडपणा जात नाही. तुरटीने गाळ बसतो, विरघळलेले क्षार जिथल्या तिथे राहतात.

पावडरच का?

पावडरीत धुण्याचा सोडा असतो, काहींत झिओलाइटही असतं. हे घटक कॅल्शियमला धरून ठेवतात, म्हणून डिटर्जंट मळासाठी मोकळं राहतं. लिक्विडमध्ये असे घटक फार मावत नाहीत. मऊ पाण्यात लिक्विड उत्तम, पण आपल्या पाण्यात त्याचं माप वाढवत न्यावं लागतं आणि मग फेस निघेपर्यंत खळबळून काढायलाच पाणी जातं. गडद रंगाच्या आणि सिंथेटिक कपड्यांसाठी मात्र मी लिक्विडच वापरते, कारण त्याचे कण उरत नाहीत.

पॉडची अडचण वेगळी आहे. त्याचं माप ठरलेलं असतं. पाणी जड म्हणून दीड पॉड टाकता येत नाही आणि चारच कपडे असले तरी अख्खाच जातो. वापरायचाच असेल तर कोरड्या हाताने रिकाम्या टबच्या तळाशी ठेवा आणि कपडे वरून टाका. कपड्यांच्या वर ठेवला तर त्याचं आवरण विरघळायचं राहून कपड्याला चिकटू शकतं. घरात लहान मूल असेल तर पॉड त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. तो खाऊसारखा दिसतो आणि तोंडात फुटला तर दवाखाना गाठावा लागतो.

आमच्या घरचा हिशेब

आमच्या बोअरचा आकडा 480 आहे. मशीनमध्ये मधल्या पातळीला किती पाणी बसतं ते मी बकेटीने मोजलं. 15 लिटरच्या तीन बकेटी, म्हणजे 45 लिटर झालं. 480 गुणिले 45 म्हणजे 21,600 मिलिग्रॅम, सुमारे 22 ग्रॅम क्षार, तेही फक्त धुण्याच्या पहिल्या पाण्यात. हा क्षार बसवायला जवळजवळ तेवढाच, 23 ग्रॅमच्या आसपास, धुण्याचा सोडा लागतो. पण पावडरीत सोडा आधीच असतो, म्हणून मी निम्म्यापासून, 12 ग्रॅमपासून सुरुवात केली. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा मोजून घेतला आणि एका वाटीवर खूण केली. हे माप कोरड्या भुकटीचं आहे. खड्यांच्या सोड्यात पाणी धरलेलं असतं, तो पावणेतीन पट लागतो. खायचा सोडा इथे कामाचा नाही.

आता धुण्याचा क्रम. वावरातल्या कपड्यांवरची काळी माती आधी वाळू द्या आणि झटकून टाका. ओल्या चिखलासकट कपडे टाकले तर तोच चिखल सगळ्यांना लागतो. टब सैल भरा, वरून हात सहज आत गेला पाहिजे. पाणी भरलं की सोडा आधी टाका आणि दोन मिनिटं फिरू द्या. तोवर गंजात दोन लिटर कोमट पाणी घेऊन पाकिटावर दिलेल्या मापाची पावडर पूर्ण विरघळवा. उकळतं पाणी घेऊ नका, त्याने पावडरीतली एन्झाइम्स निकामी होतात. हे पाणी टबात ओता, पाच मिनिटं फिरवा, मशीन थांबवून अर्धा तास भिजू द्या आणि मग पुढचं धुणं चालू करा. सेमी-ऑटोमॅटिकलाही हाच क्रम चालतो. लोकरी आणि रेशमी कपड्यांना सोडा लावू नका. सोडा हाताळताना हातमोजे घाला.

माप बरोबर आहे की नाही ते पाणीच सांगतं. धुणं संपताना पाणी बोटांना बुळबुळीत लागलं आणि वर थोडा फेस असला तर ठीक आहे. फेस मरून वर राखाडी साय तरंगत असेल तर पावडर कमी पडली, पुढच्या वेळी पाव माप वाढवा. दुसऱ्या खळबळण्यातही फेस उरला तर पावडर जास्त झाली.

पांढरे डाग आले तर

डागावर साध्या पाण्याचा ओला हात फिरवा. डाग गेला तर ती न विरघळलेली पावडर होती. नाही गेला, पण लिंबाच्या रसाने गेला, तर तो चुन्याचा थर आहे आणि सोडा जास्त पडतोय. आमच्याकडे आधी मी 25 ग्रॅम टाकून पाहिला होता. महिनाभरात टॉवेल पुन्हा कडक झाले, म्हणून 12 वर आले.

थर चढलाच तर शेवटच्या खळबळण्यात निंबू फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून टाका. आठ-दहा धुण्यांतून एकदा पुरे. ते सोड्यासोबत टाकलं तर दोन्ही वाया जातात. ब्लीचसोबत तर कधीच नको, विषारी वायू निघतो.

पूर्णा काठच्या खारपाणपट्ट्यात याला मर्यादा आहे. तिथल्या पाण्यात मीठही विरघळलेलं असतं आणि ते सोड्याने जात नाही. सोड्याने मॅग्नेशियमही नीट बसत नाही. तिथे पांढरे कपडे आणि बाळाची दुपटी शेवटच्या खळबळण्याला पावसाच्या किंवा आरओच्या एका बकेटीतून हाताने काढून घ्या.

पावसाळ्यात छतावरचं पाणी साठवत असाल तर सोडा बंद करा आणि पावडर निम्मी करा. तेवढ्यातच कपडे निघतात, आणि त्या दिवसांत लिक्विडही जोमाने काम करतं.