‘यावर काहीतरी लिही ना’ म्हणून फोटो आला तर

उलट प्रश्नांची सरबत्ती करू नका. समोरच्याला काय हवंय हे त्यालाच ठाऊक नसतं. फोटोखाली टाकायला एक ओळ लिहून पाठवा, नको असेल तर तो लगेच सांगतो.

ओळ फोटोतच शोधायची, आणि तीही मुख्य देखाव्यात नाही. समजा, मैत्रीण कठड्याला टेकून उभी आहे, मागे सगळं पांढरं धुकं, केस वाऱ्याने तोंडावर. ‘निसर्गाच्या कुशीत’ कुठल्याही फोटोखाली खपतं, म्हणून ते बाद. त्यापेक्षा: ‘समोर दरी आहे म्हणे. आम्ही धुकं बघून आलो.’ फोटोत जे दिसत नाही तेच इथे गंमत आणतं.

जागेचं नाव अंदाजाने टाकू नका. चुकलं तर कमेंटमध्ये पहिली दुरुस्ती तीच येते. ‘शांतता मिळाली’ वगैरे भावनाही तिच्या तोंडी घालू नका. कदाचित ती तिथे थंडीने कुडकुडत असेल!

‘आलो’ की ‘आले’ हेही बघा. ओळ तिच्या नावाने जाणार आहे. सोबत कोण होतं माहीत नसेल, तर ‘समोर दरी आहे म्हणे. दिसलं फक्त धुकं’ असं फिरवलं की काम झालं.