एलएस गेटपुढे एचसी जोडताना

टीटीएल घराण्यातल्या एलएस लॉजिक गेटचं आउटपुट थेट सीमॉस घराण्यातल्या एचसीच्या इनपुटला जोडलं, तर टेबलावर ते बहुतेक वेळा चालतं, आणि तिथेच फसगत होते. 5 व्होल्टवर एलएसचं ‘हाय’ साधारण 3.4 व्होल्ट असतं, पण हमी फक्त 2.7 ची. एचसीला मात्र खात्रीने ‘हाय’ कळायला 3.5 लागतात. म्हणजे नॉइज मार्जिन उणे 0.8! आयसी किंवा तापमान बदललं की अधूनमधून चुका सुरू.

बरेच जण आउटपुट 5 व्होल्टकडे ओढणारा 2.2 किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लावून मोकळे होतात. पातळी चढते खरी, पण 2.7 च्या वरचा चढ मुख्यतः त्या रेझिस्टरच्या जोरावर होतो. पाच इनपुट आणि ट्रॅक मिळून 50 पिकोफॅरड धरले, तर टाइम कॉन्स्टंट 110 नॅनोसेकंद. 2.7 वरून 3.5 गाठायला सुमारे 47 नॅनोसेकंद लागतात. गेटचा स्वतःचा डिले जेमतेम 10. क्लॉकच्या लाइनवर हे परवडत नाही. सीमॉस इनपुट करंट जवळजवळ घेतच नाही, तेव्हा इथे फॅन-आउट, म्हणजे एका आउटपुटला किती इनपुट जोडता येतील हे, ठरतं ते कपॅसिटन्सवर.

त्यापेक्षा पुढचा आयसी एचसीटी, म्हणजे टीटीएलच्या पातळ्या ओळखणारा एचसी, घ्या. त्याला 2 व्होल्ट पुरतात, मार्जिन 0.7 मिळतं, पिनाही त्याच.

उलट दिशेला, एचसीवरून एलएसकडे, चिंता नाही: 4 मिलिअँपिअरमध्ये 0.4 चे दहा इनपुट बसतात. जुन्या 4000 मालिकेचा गेट मात्र एकाच एलएस इनपुटला कसाबसा पुरतो.