शैक्षणिक सहलीच्या परवानगीचं पत्र: लोणारच्या एका दिवसाचं उदाहरण घेऊन

सहलीचं माझं पहिलं पत्र व्यवस्थापनाकडून आठ दिवसांत परत आलं. वर लाल शाईत शेरा होता, ‘उद्दिष्टे व खर्च स्पष्ट करावेत.’ मी दोन पानं लिहिली होती. मुलांच्या ज्ञानात भर पडेल, निसर्गाशी नातं जुळेल, सर्व ती काळजी घेतली जाईल, असं सगळं त्यात होतं. पण मुलं तिथे काय करणार, किती वाजता कुठे असणार आणि प्रत्येकी किती रुपये लागणार, हे कुठेच नव्हतं. शेरा योग्यच होता.

तेव्हापासून मी पत्र लिहायला बसण्याआधी सहलीच्या दिवसाचं वेळापत्रक लिहिते. पत्रातली उद्दिष्टं, सुरक्षितता आणि खर्च हे तिन्ही भाग त्यातूनच निघतात. जालन्याच्या शाळेतून नववीच्या 36 मुलांना लोणारला न्यायचं आहे, असं धरून ते करून दाखवते.

आधी वेळापत्रक

जालना ते लोणार अंतर साधारण 90 किलोमीटर आहे. गाडीचा वेग, रस्ता आणि मुलांचं थांबणं धरून अडीच तास ठेवावेत. सकाळी 6.30 ला शाळेतून निघायचं, 9 ला पोहोचून नाश्ता. 9.30 ते 10.30 विवराच्या काठावरून निरीक्षण आणि रेखाटन. 10.30 ते 12.30 धार नावाच्या झऱ्याकडची पायवाट आणि खाली सरोवराच्या बाजूला उतरणं. 12.45 ला वर येऊन जेवण, 1.45 ते 2.45 पाण्याच्या नमुन्यांची तपासणी, 3 ला परत निघून 5.30 ला शाळेत. डिसेंबरच्या मध्यावर पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे परतीचा सगळा प्रवास उजेडात होतो, आणि व्यवस्थापनाच्या सभेत सदस्य हे पहिल्यांदा बघतात.

‘एवढं जाताच आहात तर सिंदखेडराजाही करा,’ असं सभेत कुणीतरी म्हणणारच. जिजाऊंचं जन्मस्थान जवळ आहे, मोह साहजिक आहे. पण दीड तास तिकडे गेला की परतीला अंधार पडतो आणि लोणारचं काम अर्धवट राहतं. त्याची सहल वेगळी काढावी, तिचं पत्रही वेगळं लिहावं.

उद्दिष्टं: दोनच, पण तपासता येतील अशी

उद्दिष्ट लिहून झालं की स्वतःला विचारावं: हे साधलं की नाही, ते दुसऱ्या दिवशी मुलाच्या वहीवरून कळेल का? ‘भूगोलाची आवड निर्माण होणे’ यातून काही कळत नाही. ‘विद्यार्थी विवराचा उभा छेद काढून त्याला नावे देतील’ यातून कळतं.

लोणारचं विवर उल्कापातानं झालेलं आहे आणि तेही बसाल्ट खडकात. त्याचा व्यास जवळपास 1.8 किलोमीटर आहे. नववीचं मूल ज्वालामुखीबद्दल वाचतं आणि असा गोल खड्डा दिसला की तो ज्वालामुखीचाच असणार, असं त्याला वाटतं. काठावर उभं राहून वर उचललेली कड, उतार आणि तळ यांचं रेखाटन करताना हा गैरसमज दूर करता येतो. हे झालं पहिलं उद्दिष्ट.

दुसरं विज्ञानाचं आहे. सरोवराचं पाणी खारं आणि चांगलंच आम्लारीधर्मी आहे, त्याचा सामू 10 च्या आसपास असतो. त्याच विवराच्या उतारावर धारेचं गोडं पाणी वाहतं. शाळेच्या नळाचं, धारेचं आणि सरोवराचं अशी तीन पाणी शेजारी ठेवून सामूपट्टी बुडवली की पुस्तकातला ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा धडा मुलांच्या हातात रंग बदलतो. वर्गात साबणाचं पाणी वापरूनही प्रयोग होतो, मग लोणारलाच का, असा प्रश्न आला तर उत्तर पत्रात हवं: दोन इतकी वेगळी पाणी हाकेच्या अंतरावर का आहेत, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावरच मुलाला पडतो.

एक काळजी मात्र घ्या. हा परिसर अभयारण्य आहे. दगड उचलणं, पाणी भरून नेणं यासाठी वनविभागाची परवानगी आधी मागावी आणि ‘नमुना एक शिक्षक घेतील, परवानगी मिळाल्यासच’ असं पत्रात लिहावं. परवानगी नाही मिळाली तर दुसरं उद्दिष्ट धारेचं आणि नळाचं पाणी जागेवरच तपासून पूर्ण करायचं, हेही ठरवून ठेवावं.

सुरक्षितता: कोणत्या क्षणी मूल कुणाकडे आहे

1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्यानंतर सहलीच्या परवानग्यांकडे बघण्याची नजर बदलली, आणि पाणी असलेल्या ठिकाणाचं नाव दिसलं की सदस्य तिथेच थांबतात. त्यामुळे सरोवराबद्दल मोघम लिहून चालत नाही. ‘पाण्याच्या कडेपासून 20 मीटरवर एक शिक्षक उभे राहतील, त्यापुढे कोणताही विद्यार्थी जाणार नाही’ असं अंतरासकट लिहा. काठाजवळ चिखल असतो, हे कारणही द्या.

दहा मुलांमागे एक शिक्षक धरला तर 36 मुलांना चार लागतात. प्रत्येकाकडे नऊ मुलांची यादी द्या, मुली असतील तर दोन शिक्षिका हव्यातच. हजेरी कुठे घेणार, ती ठिकाणं मोजून लिहा: बसमध्ये चढताना, उतरताना, पायवाटेला लागण्याआधी, वर आल्यावर, परत निघताना. लोणारला मुलं पडण्याची खरी जागा ती पायवाट आहे, उतार तीव्र आणि दगड सुटे. पुढे एक शिक्षक, शेवटी एक, आणि सगळ्यांच्या पायात बूट. चप्पल घालून आलेलं मूल काठावरूनच काम करेल, हे पालकसभेत सांगून ठेवावं, नाहीतर तिथे रडारड होते. जुन्या देवळांच्या आसपास आग्यामोहोळ असू शकतं. म्हणून अत्तर नको, आरडाओरडा नको, आणि मोहोळ दिसलं तर तो भाग वगळायचा.

दमा, फिट, ॲलर्जी असलेल्या मुलांची यादी पालकांकडून लेखी घ्या. औषध कुणाच्या पिशवीत, तेही त्यावर लिहा. जवळचा दवाखाना म्हणून लोणारचं ग्रामीण रुग्णालय आणि रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक पत्रात असावा.

पालकांच्या संमतीपत्रावर ‘काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य छापण्याची पद्धत आहे. ते काढा. त्यानं शाळेची जबाबदारी टळत नाही, पालकांचा विश्वास मात्र जातो. त्याऐवजी वेळापत्रक, उतरणीची माहिती आणि पाण्यापासूनचं अंतर त्यावर छापा. हे वाचून पालक सही करतो, तेव्हाच ती खरी संमती असते.

खर्च: मुलं कमी झाली तर काय

बससाठी एसटीच्या आगारात जाऊन प्रासंगिक कराराचं लेखी अंदाजपत्रक घ्या. शालेय सहलींना त्यात 50 टक्के सवलत मिळते, त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र न्यावं लागतं. किमान किलोमीटर आणि थांबण्याचा आकार विचारून घ्या, कारण 180 किलोमीटरला भाव लावून काढलेला आपला हिशेब तिथे हमखास चुकतो. पुढचे आकडे केवळ नमुन्याचे आहेत.

बस 9,000. नाश्ता आणि जेवण 130 रुपये प्रमाणे 40 जणांचे 5,200. पाणी व प्रथमोपचार 800, स्थानिक मार्गदर्शक 1,000, कार्यपत्रिका व सामूपट्ट्या 400. बेरीज 16,400. त्यावर राखीव 1,600, एकूण 18,000, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला 500 रुपये. या 40 जणांत चार शिक्षकांचं जेवण धरलेलं आहे, ते पत्रात उघड लिहा.

माझा हिशेब एकदा इथेच फसला होता. ऐनवेळी सहा मुलं गळाली. बस तेवढ्याच पैशांची राहते, कमी होतात फक्त सहा जणांच्या जेवणाचे 780. म्हणजे वरच्या उदाहरणात 17,220 रुपये 30 मुलांवर येतात आणि प्रत्येकी 574 होतात. उरलेले 74 ऐनवेळी पालकांकडे मागणं अवघड जातं. म्हणून ‘किमान 33 विद्यार्थी न झाल्यास सहल रद्द करून पूर्ण रक्कम परत केली जाईल’ असं वाक्य घाला. 33 मुलांवर तूट साधारण 1,100 रुपयांची पडते, ती राखीव रकमेत बसते. ज्यांना पैसे भरणं शक्य नाही अशा मुलांचा खर्च कशातून, हेही लिहा. पण त्यांची नावं पत्रात नकोत, सभेत ते पत्र मोठ्यानं वाचलं जातं.

आता पत्र

एवढी तयारी झाली की पत्र एका पानात बसतं. वेळापत्रक, खर्चाचा तक्ता आणि गटांच्या याद्या सोबत जोडायच्या. खाजगी संस्थेच्या शाळेत पत्र सचिवांच्या नावे आणि मुख्याध्यापकांमार्फत जातं. मुख्याध्यापकांना वगळून थेट पाठवलं तर ते त्यांच्याच टेबलावर परत येतं.

> दिनांक: 12 ऑक्टोबर 2026
>
> प्रति,
> मा. सचिव, (संस्थेचे नाव)
> मार्फत: मा. मुख्याध्यापक
>
> विषय: इयत्ता नववीच्या लोणार येथील एकदिवसीय शैक्षणिक सहलीस मान्यता मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> शुक्रवार, 18 डिसेंबर 2026 रोजी इयत्ता नववीच्या 36 विद्यार्थ्यांची सहल लोणार सरोवर येथे नेण्याचे योजले आहे. सोबत चार शिक्षक असतील, त्यांपैकी दोन शिक्षिका. निघण्याची वेळ सकाळी 6.30, परतण्याची सायंकाळी 5.30.
>
> या सहलीत विद्यार्थी (1) विवराचा उभा छेद रेखाटून ज्वालामुखीच्या विवराशी तुलना करतील, (2) वेगवेगळ्या ठिकाणच्या पाण्याचा सामू मोजून नोंदवतील. दोन्हींचे मूल्यमापन कार्यपत्रिकेवरून होईल.
>
> नऊ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक राहील व पाच ठिकाणी हजेरी होईल. पाण्यापासून 20 मीटरच्या आत कोणीही जाणार नाही. नमुना वनविभागाच्या परवानगीनेच घेतला जाईल. आरोग्यविषयक माहिती व पालकांची लेखी संमती घेतली जाईल.
>
> एकूण खर्च 18,000 रुपये, प्रति विद्यार्थी 500 रुपये. तीन विद्यार्थ्यांचे 1,500 रुपये संस्थेच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून मिळावेत, ही विनंती. किमान 33 विद्यार्थी न झाल्यास सहल रद्द करून रक्कम परत केली जाईल.
>
> तरी सहलीस, पालकांकडून वरील रक्कम घेण्यास आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे प्रस्ताव पाठवण्यास मान्यता मिळावी.
>
> आपली विश्वासू,
> वर्गशिक्षिका, इयत्ता नववी
>
> सोबत: वेळापत्रक, एसटी आगाराचे अंदाजपत्रक, खर्चाचा तक्ता, गटयाद्या, संमतीपत्राचा नमुना.

शेवटच्या वाक्यात तीन गोष्टी मागितल्या आहेत, ते मुद्दाम. नुसती सहलीला मान्यता मिळाली आणि पैसे घेण्याचा उल्लेख राहिला, तर पावती फाडताना लिपिक अडवतात, आणि ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबतो.

तारीख ऑक्टोबरची ठेवली आहे, कारण दिवाळीच्या सुट्टीआधीच्या सभेत ठराव झाला तर शिक्षणाधिकारी आणि वनविभाग यांच्यासाठी महिना-सव्वा महिना हातात राहतो. पत्र दोन प्रतींत द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोहोच घ्या. ठरावाची प्रत मिळेपर्यंत मुलांकडून एक रुपयाही घेऊ नका आणि बसची आगाऊ रक्कमही भरू नका.